ईसीजीतला ‘ब्लॉक’ : अडथळा की खोळंबा?

सांगलीहून : वडिलांच्या ईसीजीवर ‘फर्स्ट डिग्री ए.व्ही. ब्लॉक, पीआर २४०’ असं छापून आलंय. मी आईला ‘हृदयात थोडा अडथळा’ असं सांगितलं, तर तिने धसकाच घेतला. आता ‘फुगा कधी घालायचा’ म्हणून विचारतेय. मराठीत काय म्हणायला हवं होतं?

तासगावचे काका : माझ्या भावाला ब्लॉकेजच होतं. दोन स्टेंट टाकले. वेळ घालवू नकोस पोरी.

मिरजेची टेक्निशियन : काका, ते ब्लॉकेज रक्तवाहिनीतलं. हा ब्लॉक विजेच्या वाटेवरचा आहे, इथे स्टेंटचा संबंध नाही. म्हणून ‘अडथळा’ हा शब्द मला इथे धोक्याचा वाटतो, दोन्हीकडे तोच वापरला जातो.

विट्याचे मास्तर : मग ‘विलंब’ म्हणा. निरोगी हृदयात ठोका वरून खाली थेट जातो, उशीर झाला की आजार.

मिरजेची टेक्निशियन : शब्द पटला सर, कारण नाही. उशीर प्रत्येकाच्या हृदयात लागतोच. ठोका उजव्या अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या, वरच्या भागातल्या सायनस नोडमधून आपोआप उठतो आणि दोन्ही अलिंदांत पसरतो. पण अलिंद आणि निलय, म्हणजे खालचे कप्पे, यांच्यामध्ये वीज न जाऊ देणारा तंतूंचा बांध आहे. त्या बांधाला एकच मोरी, ती म्हणजे ए.व्ही. नोड आणि त्याखालचा हिसचा जुडगा. नोडमध्ये विजेची लाट अगदी संथ होते, साधारण दशांश सेकंद रेंगाळते. तेवढ्यात अलिंद आकसून उरलेलं रक्त निलयांत ढकलतात. मोरी ओलांडली की मात्र लाट डाव्या-उजव्या फाट्यांतून पर्किंजे तंतूंत सुसाट जाते, पाटाचं पाणी सगळ्या सऱ्यांत एकदम सुटावं तशी. म्हणून निलय जवळपास एकाच वेळी आकसतात.

ईसीजीच्या नेहमीच्या कागदावर बारीक चौकोन ४० मिलिसेकंदांचा असतो. अलिंदाच्या उंचवट्याच्या सुरुवातीपासून निलयाच्या टोकदार लाटेच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर म्हणजे पीआर; त्याला ३ ते ५ चौकोन चालतात, तुमच्या बाबांचे ६ आहेत. पण प्रत्येक ठोका खाली पोचतोय. बीपीच्या गोळ्या चालू आहेत का? काही गोळ्यांनी ही वाट आणखी मंदावते.

सांगलीहून : हो, मेटोप्रोलॉल चालू आहे. बंद करू का?

मिरजेची टेक्निशियन : मनाने अजिबात नको. डॉक्टरांना ईसीजी आणि गोळ्या दोन्ही दाखवा. चक्कर आली, शुद्ध हरपली किंवा नाडी फार मंद लागली, तर मात्र थांबू नका.

विट्याचे मास्तर : माझं चुकलं. मग ‘खोळंबा’ कसा वाटतो? थांबून पुढे जाणं त्यात आहे.

सांगलीहून : आईला तोच सांगितला. ‘एसटीसारखं ना, उशिरा पण येते’ म्हणाली, आणि जेवली.

मिरजेची टेक्निशियन : छान! पण दुसऱ्या डिग्रीत काही ठोके खाली पोचतच नाहीत. तिथे खोळंबा म्हणता येणार नाही.

विट्याचे मास्तर : ‘ठोका चुकणे’ म्हणावं, तर तो भीतीने चुकतो. ‘गळणे’ कसं वाटतं?

तासगावचे काका : गळणे म्हटलं की आमच्याकडे पहिल्यांदा मोहोर आठवतो. पण भावाला तसंच सांगून बघतो.