‘उदास दिसली’ हे ओ मध्ये का चालत नाही?

मेघना (इंटर्न): सुपरव्हायझर मॅडमनी माझी सोप नोट लाल करून परत दिली. सत्राच्या या नोंदीत चार भाग: एस म्हणजे क्लायंटने सांगितलेलं, ओ म्हणजे निरीक्षण, ए म्हणजे आपला निष्कर्ष, पी म्हणजे पुढची योजना. ओ मध्ये मी लिहिलं होतं, ‘क्लायंट उदास होती.’ म्हणे हे निरीक्षणच नव्हे. मग लिहायचं काय? समुपदेशनात ओ हवाच का?

सुहास: नकोच. हा साचा डॉक्टर लॉरेन्स वीड यांच्या १९६० च्या दशकातल्या कामातून आला. तिथे ओ म्हणजे ताप, बीपी, रिपोर्ट. मी पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीचा आकडा टाकतो, नाहीतर ओ कोराच ठेवतो.

वंदनाताई: वीडचं बरोबर, बाकीचं अर्धवट. खोलीत तिसरा माणूस असता तर त्याला जे दिसलं-ऐकू आलं असतं, ते ओ मध्ये. मेघना, तुला काय दिसलं?

मेघना: दहा मिनिटं उशिरा आली. आवाज अगदी हळू. नवऱ्याचा विषय निघाला की ओढणीचं टोक पिळायची, दोनदा रडली. पहाटे तीनला जाग येते म्हणाली. मरणाचे विचार येतात का विचारलं, तर ‘नाही हो’ म्हणाली.

वंदनाताई: झाली की नोट!

एस: पहाटे ३ ला जाग येते. मरणाचे विचार विचारल्यावर नाकारले.
ओ: १० मिनिटं उशीर. आवाज हळू. नवऱ्याच्या विषयावर दोनदा रडली, ओढणी पिळत होती.
ए: मनःस्थिती खालावलेली. झोपेच्या उद्दिष्टात प्रगती नाही.
पी: झोपेची रोज नोंद. पुढचं सत्र गुरुवारी.

तुझं ‘उदास’ ए मध्ये गेलं. ए मधल्या प्रत्येक वाक्याला वर एस किंवा ओ मध्ये आधार सापडला पाहिजे.

शाळेतली ताई: आमचे मुख्याध्यापक वहीच बघायला मागतात, त्यांना काय दाखवू? मी तर आता काही लिहीतच नाही.

वंदनाताई: तो वेगळा धागा काढा, पण लिहिणं थांबवू नका.

सुहास: आणि नवऱ्याने नेमकं काय केलं, ते कुठे आहे? गोष्टच गायब!

वंदनाताई: मुद्दाम. त्यातलं उपचाराला लागेल तेवढंच. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला स्वतःच्या मूलभूत नोंदी मागायचा हक्क दिला आहे. उद्या तीच वाचेल असं धरून लिहा. आणि सुहास, पीएचक्यूच्या खुणा क्लायंटच करते, म्हणजे तो आकडा एस मध्ये.

सुहास: मुळीच नाही. ठरलेल्या मापाने आलेला आकडा ओ मध्येच. आमच्याकडे सगळे तिथेच लिहितात.

मेघना: पीएचक्यूवरून आठवलं, म्हणून फॉर्म काढून पाहिला. नवव्या प्रश्नात, मरण बरं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटतं का, तिथे तिने ‘काही दिवस’वर खूण केली आहे. मी तेव्हा फक्त बेरीज पाहिली होती.

वंदनाताई: मग माझा मसुदा गेला. तोंडी नकार आणि फॉर्मवरची खूण, दोन्ही लिही. ए मध्ये ‘विसंगती, धोक्याचं मूल्यमापन अपुरं’. गुरुवारची वाट बघू नकोस. आत्ता सुपरव्हायझरना सांग, आजच तिला फोन कर आणि फोनची वेळ पी मध्ये टाक.

मेघना: निघाले मॅडमच्या केबिनकडे.