मदत हवी आहे: बाथटब वक्राच्या फोटोत तिसरा टप्पा नेमका कुठून धरायचा?

भोसरीत क्लासमध्ये फळ्यावरच्या बाथटब वक्राचा फोटो काढला, पण उभ्या अक्षाचं नाव कापलं गेलं (माझाच आळस). उतरता भाग सुरुवातीचे दोष, सपाट भाग अपघाती बिघाड, चढता भाग झीज, एवढं जुळवलं.

सरावाला ५० पंपांची आकडेवारी आहे. दर ५०० तासांत बंद पडलेले: १०, २, २, ९, ८. बंद पंप बदललेले नाहीत. नुसती संख्या काढली तर शेवट उतरतो. चालू उरलेल्यांनी भागलं तर साधारण २०, ५, ५, २५, ३० टक्के येतात, म्हणजे शेवट चढतो.

मग अक्षावर हा दुसराच दर असणार ना? आणि झीज १५०० तासांपासून धरायची, की इतक्या कमी पंपांवरून तसं म्हणता येत नाही?