लॅपटॉप की डेस्कटॉप: वर्षाला वीजबिलात किती फरक?

जळगावकर: घरून टॅली आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं काम करतो, रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस. डेस्कटॉप ५ वर्षांचा आहे, ग्राफिक्स कार्ड नाही, यूपीएस जोडलेला आहे. लॅपटॉप घेतला तर वर्षाला वीज खरंच किती वाचेल?

अमळनेर_४२५: भरपूर वाचेल भाऊ. डेस्कटॉपचा एसएमपीएस ४५० वॅटचा असतो. ८ तासांचे साडेतीन युनिट, वर्षाचे हजाराच्या वर. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा. हिशेब समोरच आहे.

भुसावळचा_वायरमन: हा आकडा सोडून द्या. ४५० ही त्या एसएमपीएसची कमाल क्षमता आहे, तो रोज तेवढे ओढत नाही. टॅली आणि ब्राउझर चालू असताना असा पीसी मॉनिटरसकट ६०–८० वॅटच्या आसपास असतो. चार्जरवरचे ६५ वॅटही कमालच.

अंदाजावर जाऊ नका, घरच्या मीटरवर मोजा. त्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ३२०० लुकलुकी झाल्या की १ युनिट. फ्रीज, पंखे, इन्व्हर्टर, सगळं बंद करा, फक्त कॉम्प्युटर चालू ठेवा. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजून ११२५ ला त्यांनी भागा, वॅट मिळतात. मीटरवर १६०० असेल तर २२५० ला भागा.

गेल्या महिन्यात असाच एक पीसी मोजला. यूपीएससकट १५ सेकंदांनी एक लुकलुक, म्हणजे ७५ वॅट. त्याच घरातला लॅपटॉप १८ वॅटच्या आसपास. लॅपटॉप मोजताना बॅटरी आधी पूर्ण भरू द्या, नाहीतर चार्जिंगची वीज त्यात मिसळते आणि आकडा फुगतो.

तुमच्या २४०० तासांचे डेस्कटॉपला १८० युनिट, लॅपटॉपला ४३. इंधन आकार, वहन आकार, १६ टक्के वीज शुल्क असं सगळं धरून शेवटचं युनिट १३ रुपयांना पडतं असं माना. मग २३४० विरुद्ध साधारण ५६० रुपये. फरक वर्षाला पावणेदोन हजारांचा.

धुळे_पांझराकाठ: माझ्याकडे लॅपटॉपच आहे, तरी मे महिन्याचं बिल दुप्पट आलं. म्हणजे लॅपटॉपही काही कमी खात नाही.

भुसावळचा_वायरमन: मेमध्ये कूलर आणि पंखे किती तास चालले ते बघा. बिल त्यांनी वाढवलं. मात्र तुमच्या बोलण्यातून एक मुद्दा निघतो. घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चा भाव जवळपास दुप्पट, त्यापुढे अजून चढा. कूलरमुळे घर ३०० च्या पुढे गेलं की कॉम्प्युटरचे महिन्याचे तेच १५ युनिट उन्हाळ्यात महाग पडतात. म्हणून बिलाची सरासरी काढू नका, तुमचं शेवटचं युनिट कोणत्या टप्प्यात पडतं ते पाहा.

चाळीसगाव_रिपेअर: वाचतात पावणेदोन हजार, हे मान्य. पण तेवढ्याच ताकदीचा लॅपटॉप १५–२० हजारांनी महाग पडतो, मग वसूल व्हायला दहा वर्षं. त्यात तीन-चार वर्षांनी बॅटरी. डेस्कटॉपची रॅम किंवा एसएमपीएस गेला तर तेवढाच भाग बदलून भागतं. दुकानात रोज बघतो, लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला की गिऱ्हाईक नवीनच घेतं. आहे तो डेस्कटॉप चालवा, फक्त एसएसडी टाका.

शिरपूरकरीण: पण यूपीएसचं काय? लाईट गेली की डेस्कटॉपला तो लागतोच, आणि दर दोन-तीन वर्षांनी त्याची बॅटरीही बदलावी लागते. तो खर्च लॅपटॉपवाल्याला नाही. आमच्याकडे तर पीसी बंद असला तरी यूपीएस रात्रभर चालू असतो.

भुसावळचा_वायरमन: ताई, हे मी वर लिहायला हवं होतं. त्या घरी पीसी बंद करून फक्त यूपीएस ठेवला, तर १४० सेकंदांनी एक लुकलुक. म्हणजे ८ वॅट. काम नसतानाचे वर्षाचे ६३६० तास धरले तर ५१ युनिट, साडेसहाशे रुपये. काम संपलं की यूपीएसचं बटण आणि मग बोर्डाचा स्विच, दोन्ही बंद करा. नुसतं बटण दाबलं तर आतली बॅटरी चार्ज होतच राहते. आणि लॅपटॉपला वेगळा मॉनिटर लावणार असाल तर त्याचे २० वॅट धरा, मग बचत साधारण साडेअकराशेवर येते.

जळगावकर: मीटर मोजला. १६ सेकंद आले. यूपीएस आजपासून रात्री बंद. टॅली छोट्या स्क्रीनवर आठ तास जमणार नाही, त्यामुळे मॉनिटर लागेलच.

चाळीसगाव_रिपेअर: मग तर डेस्कटॉपच ठेवा.

शिरपूरकरीण: मला पटत नाही. तासभर लाईट गेली तर साध्या यूपीएसवर पीसी दहा-पंधरा मिनिटं टिकतो, लॅपटॉप चालूच राहतो. फॉर्मची शेवटची तारीख असेल तेव्हा हा फरक पैशात कसा मोजणार?