मदत हवी आहे: सहस्रचंद्रदर्शनाला रिटर्न गिफ्ट काय द्यावं?

सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे पुण्यात, साधारण १८० माणसं होतील. माणशी गिफ्ट द्यायचं तर बजेट कोलमडतं आणि एकाच घरात चार-चार सारख्या वस्तू जातात, म्हणून घरटी एक असं ठरवलंय. यादीत ७० घरं निघाली, ऐनवेळी कोणी पाहुण्यांना घेऊन येतंच म्हणून १० जास्तीची धरली. एकाला २०० रुपये धरले तरी ८० चे १६,००० होतात, त्याच्यावर जायचं नाहीये.

सासूबाई म्हणतात तांब्याचा पेला द्या. पण या किमतीत पत्रा पातळ मिळतो, हातात घेऊन कडेला जरा दाबला की लगेच लवतो, आणि तांबं काळं पडतं, चिंच-मीठ लावून घासायला आता कोणाला वेळ आहे? मला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा बरा वाटतो, रोज वापरात राहतो. त्यावर नाव-तारीख घालायची का यावर घरात दोन मतं आहेत, कारण नाव घातलं की उरलेले डबे दुकानदार परत घेत नाही, कोरे असले तर आधी बोलून ठेवता येतं. शिवाय निम्मे लोक मुंबई-नाशिकहून बसने येणार, काच आणि जड काही नकोच.

तर डबा कोणत्या मापाचा घेऊ? आणि रिकामा डबा हातात द्यायला बरं वाटत नाही, आत लाडू भरले तर किती दिवस टिकतील असे कोणते करावेत? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.