मदत हवी आहे: ऑर्डर नंबरनंतर मेसेज संपला, रिप्लाय काय देऊ?
एका कस्टमरचा मेल आलाय, "नमस्कार, माझी ऑर्डर नं. 40718" आणि पुढे काहीच नाही, बहुतेक चुकून सेंड झालं असावं. ऑर्डर उघडून बघितली तर दोन वस्तू होत्या, एक कालच पोचलीये, दुसरी अजून कुरिअरकडेच. म्हणजे उशिराबद्दल विचारत असतील किंवा पोचलेली खराबही निघाली असेल, आणि अंदाजाने रिफंडचं बोललो तर नसलेली तक्रार आपणच उभी करायची. मी असं लिहिलंय: "तुमचा मेसेज ऑर्डर नंबरनंतर अर्धवट आलाय. एक वस्तू काल पोचलीये, दुसरी वाटेत आहे. नक्की कशाबद्दल विचारायचं होतं?" पत्ता, फोन मुद्दाम टाकला नाही, कारण मेल ऑर्डरवरच्या आयडीवरून आलेला नाही. मग डिलिव्हरीचं स्टेटस तरी सांगावं का, की आधी खात्री करून घेऊ?