अनुभव धागा : रिटर्न खराब, वापरलेला किंवा रिकामा आला, क्लेम कसा मिळाला?

पंचवटीचा भांडीवाला: तांब्याच्या बाटल्या ऑनलाइन विकतो. परवा आलेला रिटर्नचा खोका हातात घेतल्या घेतल्या हलका लागला, आत भलतीच प्लास्टिकची बाटली. फोटो लावून साइटकडे भरपाईचा क्लेम टाकला तर 'पुरावा अपुरा'. ज्यांना पैसे मिळालेत त्यांनी काय काय जोडलं ते सविस्तर लिहा.

सातपूर सेलर: दादा, नुसत्या बाटलीचा फोटो लावला तर ती त्याच पार्सलमधून निघाली हे कशावरून? आम्ही न फोडता आधी पार्सल चारी बाजूंनी दाखवतो, लेबलवरचा रिटर्नचा ट्रॅकिंग नंबर वाचता येईल इतका मोबाइल जवळ नेतो, टेपवर टेप मारलीय का ते दाखवतो, मग काट्यावर ठेवतो आणि व्हिडिओ बंद न करता तिथंच फोडतो. शेवटी लेबल आणि आतला माल एकाच फोटोत. पितळी समईचं पार्सल जाताना 1240 ग्रॅम होतं, आलं 310 ग्रॅमचं, आत पेपरचे बोळे. रिटर्न रिपोर्टात त्याच नंबरसमोर गिऱ्हाइकाचं कारण होतं 'साइज लहान'. त्या ओळीचा स्क्रीनशॉट, जातानाचं वजन आणि काट्याचा फोटो असं सगळं एकत्र लावलं, पास झालं. विक्रीची पूर्ण किंमत मात्र नाही मिळाली.

कॉलेज रोड रेडीमेड: एवढा खटाटोप कशाला, हलकं लागलं की घ्यायचंच नाही, पोऱ्याला परत पाठवायचं.

सातपूर सेलर: फाटलेलं, ओलं दिसलं तर पोचपावतीवर शेरा मारून घ्याच. पण नाकारलेलं पार्सल रिपोर्टात 'डिलिव्हर्ड' पडलं तर माल पण नाही आणि दाखवायला व्हिडिओ पण नाही, मग न मिळालेल्या रिटर्नचा वेगळा क्लेम टाकत बसा. आणि मुदत बघा, ती बऱ्याचदा त्या डिलिव्हरीच्या तारखेपासूनच मोजतात. गठ्ठ्यावर एकच सही मागतात, तेव्हा आधी नंबर जुळवा मगच सही करा.

इंदिरानगरची मेघा: मी कुर्ता परत केलाय, पैसे अजून आले नाहीत, हा क्लेम मी पण टाकू शकते का?

सातपूर सेलर: नाही ताई, हा विकणाऱ्यांचा. तुम्ही ॲपमधे ऑर्डर उघडून रिफंडचं स्टेटस बघा, पिकअपची पावती जपून ठेवा.

येवल्याची पैठणीवाली: रिकामं पार्सल त्यामानाने सोपं हो, वापरलेली साडी सिद्ध करणं अवघड. लग्नात नेसून परत पाठवतात, अत्तराचा वास व्हिडिओत कसा दाखवणार? मी काठ उजेडासमोर धरून फॉल उसवल्याची सुईची भोकं जवळून टिपली. एकदा पैसे मिळाले, पुढच्या वेळी तसेच फोटो लावून नाकारलं.

पंचवटीचा भांडीवाला: तांब्यात पाणी राहिलं की आत काळपट-हिरवट डाग पडतात, तो फोटो चालेल?

सातपूर सेलर: टाका, पण बाटली मुळातच तशी गेली असं म्हणायला त्यांना जागा राहते. पॅक करताना आतून टॉर्च मारून फोटो काढा, शेजारी ऑर्डरचं लेबल ठेवून.

येवल्याची पैठणीवाली: माझा पॅकिंगचा व्हिडिओ त्यांनी धरलाच नाही, फक्त रिटर्न उघडतानाचा मागितला. कुणाचा धरलाय का?