दुर्मिळ घरट्याचा फोटो पिनसकट टाकावा का?

शंकासुर: ओढ्याच्या दरडीत शृंगी घुबडाचं घरटं सापडलं, मादी खोबणीत बसलेली आहे. फोटो जातीच्या नावासकट आणि नकाशावरच्या नेमक्या बिंदूसह आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर टाकला, तर एकाने 'ताबडतोब काढ' म्हणून झापलं. फोटो मी लांबून काढलाय, घरट्याला हातही लावलेला नाही. मग नुसत्या पिनने पक्ष्याचं काय बिघडतं?

लेन्स६००: काहीही बिघडत नाही. ज्यांना पक्षी पकडायचे असतात ते नकाशे बघत बसत नाहीत, त्यांना रान पाठ असतं. लपवालपवीचा फायदा एकाच टोळक्याला होतो. ओळखीच्यांना फोनवर ठिकाण मिळतं आणि नवख्यांना उपदेश.

दरडपाखरू: रान पाठ असलेल्याला त्याचं रान पाठ असतं, शेजारच्या तालुक्यातली दरड नव्हे. पिन टाकली की जो कधीच तिथवर पोचला नसता तोही पोचतो.

पकडणाऱ्यांचं नंतर बघू, आधी हौशी माणसांचंच बघा. शृंगी घुबडात अंडी उबवण्याचं काम एकटी मादी करते, जवळजवळ पाच आठवडे. नर तिला खायला आणून देतो. भरदिवसा माणूस दरडीखाली आला की ती आधी दबून बसते, कान खाली पाडते. फोटोग्राफरला वाटतं, वा, किती शांत पक्षी! दुसरा माणूस आला, तिसरा थोडा जवळ गेला, की ती उडते. उजेडात उडालेलं घुबड कावळ्यांच्या नजरेतून सुटत नाही. पाच-सहा कावळे कलकलाट करत तिच्या मागे लागतात आणि ती लवकर परत येऊ शकत नाही. तोवर अंडी उघडी. उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसात दगडावर ऊन आलं, तर गार पडण्यापेक्षा तापून मरण्याची भीती जास्त. पिल्लं लहान असतील तरी तेच, कारण पहिले काही दिवस त्यांना स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही.

तुम्ही लांबून फोटो काढलात हे चांगलंच केलंत. पण पिन बघून येणारा प्रत्येक जण 'मी एकदाच आलोय' असंच म्हणतो. घरट्याच्या वाट्याला मात्र त्या सगळ्यांच्या फेऱ्या येतात. शिवाय गवत तुडवून पायवाट पडते, आणि ती मुंगूस-कुत्र्यांना थेट घरट्याशी नेते.

गवताळ: मान्य. पण मग सोपा उपाय आहे, पिल्लं उडून गेल्यावर टाका. आम्ही टिटवीच्या घरट्याचे फोटो हंगाम संपल्यावरच टाकतो.

दरडपाखरू: टिटवीला ते चालतं. तिचं घरटं म्हणजे जमिनीवरचा नुसता खळगा, पुढच्या वर्षी ती बहुधा दुसरा करते. घुबड, गरुड, ससाणे यांचं तसं नाही. चांगली खोबण किंवा कडा सापडला की जोडी वर्षानुवर्षं तिथेच येते. लांडगा-तरसाच्या गुहाही पुन्हा वापरात येतात. तिथे सहा महिने उशिरा टाकलेली पिन पुढच्या हंगामाला तितकीच घातक.

गुहेबाबत आणखी एक. माणसाची वर्दळ वाढली की आई पिल्लं हलवते, तोंडात धरून एकेक करत. एक पिल्लू नेताना बाकीची मागे उघडी राहतात, आणि नवी जागा जुनीइतकी सुरक्षित असेलच असं नाही.

खिडकीवाली: आमच्या एसीच्या मागे पारव्याने अंडी घातलीत. मी फोटो टाकलाय, काढू का? खूप लाईक आलेत.

गवताळ: राहू द्या. पारव्याचा पत्ता सगळ्या जगाला माहीत आहे. 😀

पाणकावळा: मला उलटं वाटतं. आमच्या ओळखीच्या एका झाडावर गरुडाचं मोठं घरटं होतं. कोणाला कळू नये म्हणून आम्ही चार जणांनी गप्प बसायचं ठरवलं. रस्ता रुंद करताना झाड गेलं. कंत्राटदाराला माहीतच नव्हतं. नोंद उघडी असती तर निदान कोणी आरडाओरडा तरी केला असता.

लेन्स६००: हेच म्हणतोय मी! गुप्ततेने घरटी वाचत नाहीत.

दरडपाखरू: पाणकावळ्यांचा मुद्दा खरा आहे, पण त्यासाठी पिन सगळ्यांना दिसायला नको. झाड तोडणं थांबवू शकतो त्याला नेमकं ठिकाण द्या, लेखी द्या. बाकी जगाला 'या भागात आहे' एवढंच पुरतं.

आयनॅचरलिस्टवर याची सोय आहे. नोंद झाकली की खऱ्या जागेऐवजी ०.२ अंशांच्या चौकटीत कुठेतरी बिंदू दिसतो. विषुववृत्ताजवळ ही चौकट साधारण २२ किलोमीटर बाजूची. तुम्हाला आणि तुम्ही विश्वास टाकलेल्यांना खरा बिंदू दिसत राहतो. संकटग्रस्त जातींचे बिंदू आपोआप झाकले जातात, पण ते जातीच्या नावावरून ठरतं. नुसतं 'पक्षी' म्हणून टाकलं तर ओळख पटेपर्यंत नोंद उघडी. आणि शृंगी घुबड जागतिक यादीत धोक्याबाहेरच्या गटात आहे, त्यामुळे आपोआप झाकलं जाईल या भरवशावर राहू नका. दुर्मिळ जात आणि धोक्यातलं घरटं या दोन वेगळ्या गोष्टी. घुबडांना तर अंधश्रद्धेपायी गिऱ्हाईक आहेच.

शंकासुर: काल रात्रीच झाकून टाकली. आता ठीक?

दरडपाखरू: पूर्ण नाही. तुमचं पान पाहिलं. घुबड झाकलेलं आहे, पण त्याच सकाळची खंड्याची आणि वेड्या राघूची नोंद उघडी आहे, दोन्ही एकाच ओढ्यावर, अर्ध्या किलोमीटरच्या आत. झाकलेल्या नोंदीची नेमकी तारीख साइट लपवते, फक्त महिना-वर्ष दाखवते. पण वर्णनात तुम्ही स्वतःच लिहिलंय, 'खंड्यानंतर लगेच हे सापडलं'. म्हणजे २२ किलोमीटरचा गोंधळ एका वाक्यात अर्ध्या किलोमीटरवर आला. त्यात फोटोच्या मागे विजेचा मोठा मनोरा दिसतोय. उपग्रह नकाशावर तो शोधायला फार वेळ लागत नाही.

ते वाक्य काढा, फोटो घुबडापुरता कापा. मूळ फाइल कोणाला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवू नका, तिच्या पोटात अक्षांश-रेखांश असतात. पाच दशांश स्थळं म्हणजे मीटरभराची बारकाई. फोनची चूक पाच-दहा मीटर धरली तरी उरते ती एकच दरड.

लेन्स६००: एवढी हेरगिरी कोण करतं हो? एका घुबडासाठी?

दरडपाखरू: घुबडाचं ठाऊक नाही, पण पालींसाठी लोक चीनमध्ये गेलेत. १९९९ मध्ये दक्षिण चीनमधून गोनियुरोसॉरस लुई या नव्या पालीचं शास्त्रीय वर्णन छापून आलं. पाळीव प्राण्यांच्या बाजारात मागणी आली आणि जिथून वर्णन झालं त्या जागेवरून ती पाल संपली. त्यानंतर कित्येक संशोधक नव्या जातींची नेमकी जागा निबंधात देत नाहीत.

पाणकावळा: पण 'थांबवू शकतो त्याला सांगा' म्हणजे कोणाला? आमच्या कंत्राटदाराच्या साहेबाला आधी सांगितलं असतं, तर त्याने झाड आदल्या दिवशीच पाडलं असतं, अशीही शक्यता होती.

दरडपाखरू: होती. म्हणून एकट्याने सांगू नये. पोच घ्यावी, आणि फोटो-तारखेसह प्रत आणखी एकाकडे ठेवावी. तरीही हमी नाही.

लेन्स६००: म्हणजे शेवटी ओळखीवरच गाडी. पैसे घेऊन घरट्यापर्यंत नेणारे गाइड आहेत, त्यांच्याकडे पिन असतेच. त्यांना कोण झापणार? त्यावर इथे कोणी बोलत नाही.

गवताळ: त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला लिहितो. शंकासुर, तो मनोऱ्याचा फोटो अजून दिसतोय.